चौकोनी खोक्याचे गोल कूळ

फळांच्या रसाचे कागदी खोके जाहिरातीच्या चित्रात स्वच्छ, रिकाम्या पार्श्वभूमीवर एकटे उभे असते. त्याच्या कडा सरळ आणि करकरीत असतात, दर्शनी अंगावर रसरशीत आंबा किंवा संत्रे छापलेले असते आणि माथ्यावर स्ट्रॉ तिरकी खोचलेली असते. ते पाहून कोणाचाही असा समज व्हावा की, आधी पुठ्ठ्याचा रिकामा डबा सिद्ध झाला असेल, मग त्यात वरून रस ओतला गेला असेल आणि अखेरीस झाकण चिकटवले असेल. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. या खोक्याला रिकामेपणाची अवस्था अशी कधी नसतेच. ज्या क्षणी ते खोके म्हणून जन्माला येते त्या क्षणी ते काठोकाठ भरलेले असते, आणि त्याचे चौकोनीपण हा त्याचा मूळ स्वभाव नसून एका गोल नळकांड्यावर यंत्राने लादलेला संस्कार आहे.

या कुळाचा मूळ पुरुष स्वीडनचा. रूबेन राउसिंग हे 1895 साली जन्मलेले गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर अर्थशास्त्राच्या उच्च अध्ययनासाठी न्यूयॉर्कला गेले असता, गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने माल उचलावा अशी नव्या पद्धतीची दुकाने त्यांच्या पाहण्यात आली, आणि वाण्याने तागडीत तोलून पुडी बांधून देण्याचे दिवस युरोपातही फार काळ टिकणार नाहीत, हे त्यांनी ताडले. 1929 साली त्यांनी ऑकरलुंड या भागीदारासह वेष्टनांचा कारखाना काढला. पीठ, साखर, मीठ असा कोरडा माल कागदात बांधणे त्यांना लवकरच साधले. परंतु दूध मात्र जड, फुटणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा धुवाव्या लागणाऱ्या काचेच्या बाटलीतच अडकून पडले होते. राउसिंग यांचा दंडक असा होता की, वेष्टनाने स्वतःच्या किमतीहून अधिक बचत करून दाखवली पाहिजे. या एका अटीपायी आधी डबा घडवून मग तो भरण्याच्या सर्व योजना बाद ठरत होत्या, कारण त्यांत कागद फार लागे आणि घड्याही फार पडत.

1944 साली त्यांच्या प्रयोगशाळेतील एरिक वॉलेनबर्ग या तरुण साहाय्यकाने सुचविलेली तोड विलक्षण साधी होती. कागदाचे नळकांडे करावे, ते एकदा आडवे दाबून चिकटवावे, आणि थोड्या अंतरावर पुन्हा दाबताना पहिल्या चिमटीशी काटकोन करून दाबावे. म्हणजे दोन चिमटींच्या मधे चार त्रिकोणी पृष्ठांची, समोशाच्या घाटाची एक बंद आकृती आपोआप उभी राहते आणि कागदाचा कपटाही वाया जात नाही. प्रश्न उरला तो भरण्याचा. त्या बाबतीत कंपनीत एक हकीकत परंपरेने सांगितली जाते. राउसिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी, सॉसेज भरताना आतडे जसे भरीव असतानाच आवळतात, तसे नळकांड्यात दूध असतानाच ते दुधामधून का दाबू नये, असे विचारले. तापलेल्या चिमट्याने दूध करपेल, ही शंका पतिराजांनी काढली, तेव्हा 'करून पाहिले आहे का' एवढाच प्रतिप्रश्न बाईंनी केला. हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, पुढची सर्व यंत्रे त्याच तत्त्वावर चालली. द्रवाच्या पातळीखाली चिमटा बसत असल्याने आत हवेचा पोकळ अवकाश राहत नाही, फेसही अडकत नाही. 1951 साली लुंड येथे टेट्रा पॅक ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी तेथील दुग्धसंघाच्या डेअरीत मलईच्या छोट्या पुड्या भरणारे पहिले यंत्र रुजू झाले.

त्रिकोणी पुडी यंत्राला जितकी सोयीची तितकीच ती माणसाला अडचणीची होती. फळीवर ती दाटीने बसेना, ओळीत उभी राहीना. तिच्यासाठी षट्कोनी टोपल्या निराळ्या कराव्या लागल्या. भूमितीचा नियमच आहे की अशा समभुज त्रिकोणी पृष्ठांच्या आकृत्यांनी जागा फटीवाचून भरत नाही, आणि जी फट राहते तिचे भाडे गाडीला, गुदामाला आणि दुकानदाराला भरावे लागते. म्हणून 1963 साली बाजारात आलेल्या विटेच्या आकाराच्या खोक्यात तत्त्व तेच ठेवून एक फेरफार करण्यात आला: चिमटी आळीपाळीने काटकोनात न मारता सर्व एकाच दिशेने मारायच्या. त्यामुळे प्रथम उशीसारखी फुगीर, दोन टोकांना चपटी आणि चार कान लोंबणारी पुडी मिळते. तिला साच्यात दाबून चौकोनी करतात, वरचे दोन कान दोन्ही कुशींवर खाली वळवून चिकटवतात आणि खालचे दोन तळाखाली दुमडतात. विटेची मापेही युरोपात मालवाहतुकीसाठी रूढ असलेल्या लाकडी फळ्यांचा हिशेब धरून ठरविली गेली.

वाचकाला याचा पडताळा घरबसल्या घेता येईल. दोनशे मिलिलिटरचे रिकामे खोके घ्यावे, वरचे कान नखाने सोडवावेत, तळाचेही सोडवावेत आणि हळूच दाबावे. खोके क्षणात चौकोनीपण टाकून चपटी उशी होते. पाठीवर वरपासून खालपर्यंत गेलेला उभा जोड कात्रीने उसवून आत पाहिले तर त्या जोडावर प्लास्टिकची एक अरुंद पारदर्शक पट्टी बसविलेली दिसेल. तिचे प्रयोजन मोठे आहे: कागदाची उघडी कापीव कड रसात बुडाली तर ती वातीप्रमाणे रस शोषील आणि आतून जोड सुटेल, म्हणून त्या कडेचा बंदोबस्त पट्टीने केलेला असतो.

आता त्या करकरीत कडांविषयी. घडी यंत्रात पडत असली तरी ती कोठे पडावी याचा हुकूम छापखान्यात आधीच सुटलेला असतो. पुठ्ठ्याच्या प्रचंड रिळावर प्रथम फळाचे चित्र छापतात. त्याच सपाट अवस्थेत घडीच्या रेषा दाबून उमटवतात आणि स्ट्रॉसाठी भोकही पाडतात. त्यानंतर बाहेरून प्लास्टिकचा पातळ थर चढतो, म्हणजे शाई त्या थराखाली सुरक्षित राहते आणि चित्राला तकाकी येते. आतील अंगास प्लास्टिक, मग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि पुन्हा प्लास्टिकचे दोन थर. वजनाच्या मानाने पाहता सुमारे तीन चतुर्थांश कागद, पाचवा हिस्सा प्लास्टिक आणि विसावा हिस्सा धातू. कागद ताठपणा देतो, धातू उजेड आणि प्राणवायू अडवतो, प्लास्टिक ओल अडवते आणि चिकटण्याचे काम करते.

चित्र आणि घडी यांची सांगड बसणे ही खरी कसोटी. रीळ यंत्रात झरझर उतरत असते, आणि कागद किंचित ताणला गेला तरी पुढच्या खोक्यांवर तो फरक साचत जातो. म्हणून प्रत्येक खोक्याच्या छपाईत एक खूण असते. ती प्रकाशनेत्राने वाचून यंत्र कागद सूक्ष्म प्रमाणात पुढेमागे ओढते. ही दुरुस्ती चुकली की आंब्याचे देठ दर्शनी अंगावर आणि पोट कुशीवर, अशी अवस्था होते. रेषा उथळ दाबली गेली तर कड गोलसर येते. अति खोल गेली तर घडीत धातूचा पत्रा भेगाळतो. हा दुसरा दोष वाईट, कारण तो वरून दिसत नाही. त्याच्या तपासणीसाठी कारखान्यात खोके कापून त्याच्या अर्ध्या भागात मिठाचे पाणी भरतात आणि ते पुन्हा मिठाच्याच पाण्यात ठेवून आत-बाहेर विजेची तार लावतात. काटा हलला तर आतल्या प्लास्टिकला छिद्र आहे असे समजावे. मग रंगीत शाई ओतून ते छिद्र कोणत्या कोपऱ्यात आहे ते शोधतात. गिऱ्हाइकाजवळ अशी साधने नसतात, परंतु त्याला फुगलेले खोके पुरेसे आहे: आत किण्वाची वस्ती झाली, वायू सुटला, असाच त्याचा अर्थ.

रस महिनोन्‌महिने शीतकपाटाबाहेर टिकतो तो मात्र केवळ कागदाच्या थरांमुळे नव्हे. 1961 साली टेट्रा पॅकने स्वित्झर्लंडमध्ये निर्जंतुक भरणीचे प्रात्यक्षिक केले, तेव्हाही पुडी त्रिकोणीच होती. विटेच्या खोक्याला ही विद्या 1969 साली मिळाली. तिचा गाभा असा की, पदार्थ आणि वेष्टन यांना वेगवेगळे निर्जंतुक करावे आणि मग निर्जंतुक हवेतच त्यांची गाठ घालावी. कागदाची पट्टी सुमारे 35 टक्के तीव्रतेच्या, सत्तर अंशांच्या आसपास तापविलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमधून जाते; रुळांमध्ये पिळून आणि तप्त हवेने वाळवून तो द्रव काढून टाकतात. रस मुळातच आंबट असल्याने त्याच्यात घातक जंतू सहसा वाढत नाहीत. मुख्यतः बुरशी आणि किण्व यांचा प्रश्न असतो, आणि त्यांना नव्वद-पंचाण्णव अंशांची काही सेकंदांची आच पुरते. दुधाला मात्र एकशे पस्तीस अंशांच्या वर न्यावे लागते. आच क्षणभरच लागते म्हणून डबाबंद रसाला येणारी शिजकट चव येथे पुष्कळ कमी होते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याने वेष्टनासाठी पेरॉक्साइड वापरण्याची मुभा 1981 साली दिली, आणि मगच तेथील मुलांच्या शाळेच्या डब्यात हे खोके शिरले. त्याच देशात मेन नावाच्या राज्याने, थर विलग करणे कठीण म्हणून, पुढे या खोक्यावर बंदी घातली होती. 1994 मध्ये ती उठवली.

आपल्याकडे हे खोके घरोघरी ओळखीचे केले ते मुंबईच्या पार्ले अ‍ॅग्रोने, 1985 साली, 'फ्रूटी' या आंब्याच्या पेयाने. तोवर आंब्याचे पेय म्हणजे दुकानदाराच्या समोर उभे राहून प्यायचे आणि काचेची बाटली परत करायची, अशी वहिवाट होती. खोक्याने गिऱ्हाइकाला ती बाटली परत करण्याच्या बंधनातून सोडवले आणि आगगाडीच्या खिडकीशी बसून पिण्याची सोय केली. दर्शनी आंब्याच्या चित्रावर मात्र फार विसंबू नये. कायद्याने 'पेय' आणि 'रस' या दोन निराळ्या जाती मानल्या आहेत, आणि पेयात फळाचा अंश दहा टक्के असला तरी चालतो. आंबा किती हे पाठीवरच्या बारीक अक्षरांत वाचावे, चित्रात शोधू नये.

राहता राहिली स्ट्रॉ. छापखान्यात पाडलेले ते भोक पुठ्ठ्यापुरतेच असते. त्याच्यावरून धातू आणि प्लास्टिक यांचा पडदा अखंड गेलेला असतो, आणि तोच पडदा स्ट्रॉच्या तिरक्या कापलेल्या टोकाने फोडायचा असतो. 1 जुलै 2022 पासून भारत सरकारने एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली, तीत खोक्याला चिकटविलेल्या स्ट्रॉलाही सूट मिळाली नाही. कंपन्यांनी मुदतवाढ मागितली, ती नामंजूर झाली, आणि कागदी स्ट्रॉ परदेशांतून मागवण्याची पाळी आली. कागदी स्ट्रॉपाशी अडचण रसात भिजून मऊ होण्याची आहेच, पण त्याआधीची अडचण टोकाची: पडदा एका दमात फुटला नाही तर टोक चेपते, आणि चेपलेल्या टोकाने दुसऱ्यांदा प्रयत्न करणारे मूल खोके हातात घट्ट आवळून धरते, तेव्हा हवेला जागाच न ठेवता काठोकाठ भरलेला रस भोकातून थेट त्याच्या सदऱ्यावर येतो.