वॉरंटी दावा (इन्व्हर्टर बॅटरी)

वॉरंटीच्या मुदतीत बिघडलेली बॅटरी गिऱ्हाइकाला बदलून देणे आणि तिची भरपाई कंपनीकडून मिळवणे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. दुकानदार बरेचदा आधी स्वतःच्या साठ्यातली बॅटरी देतो आणि भरपाईची मागणी नंतर करतो. त्यामुळे तक्रार आली त्या दिवशी काय लिहून ठेवले, यावर त्याचे पैसे सुटणे अवलंबून असते.

उदाहरणार्थ, १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी १२ मार्च २०२३ रोजी विकली आहे. तिच्यावर ३६ महिने मोफत बदलीची वॉरंटी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गिऱ्हाईक सांगते, की पूर्ण चार्ज करूनही पंखा जेमतेम वीस मिनिटे चालतो. दुकानदार प्रथम बॅटरीवर कोरलेला अनुक्रमांक बिलाशी आणि वॉरंटी कार्डाशी ताडून पाहतो. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने सहाही सेल तपासतो. पाच सेलमध्ये १.२३० ते १.२४० असे आकडे येतात आणि एकात १.१२०. एकच सेल एवढा खाली असेल, तर दोष बहुधा आतला आहे. सगळेच सेल सारखे खाली असतील तर आधी चार्जिंगवर संशय घ्यावा. प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडल्या असतील तर देखभालीतली हयगय म्हणून दावा सहसा फेटाळला जातो. म्हणून पाणी टाकण्यापूर्वीच पातळीचा फोटो काढून ठेवणे फार गरजेचे आहे. वाद बहुतेक इथेच होतो.

दावा मंजूर झाला की नोंदवहीत जुना आणि नवा असे दोन्ही अनुक्रमांक एकाच ओळीत लिहावेत. शेजारी तक्रारीची तारीख, सहा आकडे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी. बदली बॅटरीची वॉरंटी सहसा मूळ खरेदीपासूनच मोजतात. या उदाहरणात ती ११ मार्च २०२६ रोजी संपते. हे गिऱ्हाइकाला त्याच वेळी सांगून कार्डावर लिहून द्यावे.

जुनी बॅटरी भंगारात जाऊ देऊ नये, कारण कंपनीच्या दृष्टीने दाव्याचा पुरावा तीच असते. ती चलनावर कंपनीकडे पाठवून पोच घ्यावी. भरपाई हातात येईपर्यंत रक्कम ‘कंपनीकडून येणे’ या खात्यात ठेवावी आणि महिन्याला पुरवठादाराच्या खातेउताऱ्याशी जुळवावी. कंपनीने दावा फेटाळला तर त्याचे कारण लेखी मागावे. मंजुरीआधीच बदली दिली असेल, तर तो खर्च दुकानाच्या अंगावर पडतो.

भरपाईचा मार्ग करात फरक करतो. जुलै २०२३ च्या जीएसटी परिपत्रकाने वॉरंटीत विनामूल्य बदललेल्या भागांबाबत खुलासा केला आणि जून २०२४ च्या परिपत्रकाने तो संपूर्ण वस्तूच्या बदलीलाही लागू केला. त्यानुसार कंपनीने वितरकाच्या साठ्यातून गेलेल्या मालाऐवजी मोफत माल दिला, तर त्यावर कर लागत नाही. तिने त्याऐवजी करासह क्रेडिट नोट काढली, तर वितरकाला घेतलेले इनपुट क्रेडिट तेवढ्यापुरते उलटवावे लागते.