अपस्मार : स्थानिक आणि सार्वत्रिक झटक्यांतील भेदाचा इतिहास

‘अपस्मार’ या शब्दातच रोगाची एक व्याख्या दडलेली आहे. स्मृती लोपणे हे या विकाराचे मुख्य लक्षण होय, असे प्राचीन वैद्यांनी मानले व चरकसंहितेतील विवेचनही त्यास धरूनच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील वैद्यांची समजूतही फारशी निराळी नव्हती. रोगी अकस्मात बेशुद्ध होऊन पडावा आणि त्याच्या सर्वांगास आचके यावेत, हाच खरा अपस्मार. ज्याचा केवळ एक अंगठा किंवा ओठाची एक कड फडफडते आणि जो स्वतः शुद्धीत राहून ते पाहत असतो, त्याचा विकार अपस्मारासारखा दिसणारा, पण अपस्मार नव्हे, असे समजले जाई. फ्रान्समध्ये ब्राव्हे याने १८२७ साली अशा एकांगी झटक्यांचे वर्णन केले होते. परंतु त्यांवरून मेंदूविषयी काही अनुमान काढता येईल, असे तेव्हा कोणास वाटले नव्हते.

स्थानिक आणि सार्वत्रिक झटके हा आजचा भेद याच दुर्लक्षित एकांगी झटक्यांच्या अभ्यासातून निर्माण झाला. हा भेद ‘थोडा मेंदू’ आणि ‘सगळा मेंदू’ असा केवळ व्याप्तीचा नाही. दोहोंत मज्जापेशी एककालिक आवेग सोडतात हे खरे. पण त्या एका तालात कशा येतात, याची कारणे निरनिराळी आहेत. हे कसे उलगडत गेले, ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्मार यांच्या रुग्णालयात काम करणारे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) यांनी या झटक्यांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. झटका कोठे आरंभ पावतो आणि कोणत्या क्रमाने पुढे सरकतो, याची ते बारकाईने नोंद करीत. आरंभ बहुधा अंगठा व तर्जनी, तोंडाची एक कड किंवा पायाचा अंगठा या तीन ठिकाणी होतो, असे त्यांस दिसून आले. हाताच्या अंगठ्यात सुरू झालेला आचका मनगट, कोपर, खांदा असा वर चढे, पुढे चेहऱ्यास ग्रासे आणि मग पायात उतरे. हा क्रम एकाच रोग्यात पुनःपुन्हा तसाच आढळे. यावरून मेंदूच्या पृष्ठभागावर अवयवांच्या हालचालींची काही एक मांडणी असली पाहिजे व झटका त्या मांडणीवरून सरकत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. १८७० साली फ्रिच व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूस विद्युत्‌प्रवाह देऊन विशिष्ट स्नायू हलविले आणि १८७३ पासून डेव्हिड फेरियर यांनी तेच काम पुढे नेले, तेव्हा रोग्याच्या खाटेशेजारी बसून केलेल्या या अनुमानास प्रयोगाचा आधार मिळाला.

१८७३ मध्ये जॅक्सन यांनी अपस्माराची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की मेंदूतील करड्या द्रव्यात प्रसंगी, अकस्मात, अतिरिक्त, शीघ्र आणि स्थानिक असा जो विसर्ग होतो तोच अपस्मार. या व्याख्येत बेशुद्धीस स्थान नाही. ती विसर्ग कोठे झाला यावर अवलंबून असणारी एक आनुषंगिक गोष्ट ठरते. तसेच ‘स्थानिक’ हे विशेषण जॅक्सन यांनी सर्वच झटक्यांस लावले होते. ज्यात आरंभीच शुद्ध हरपते, त्या झटक्याचा विसर्गही स्थानिकच असतो; मात्र ते स्थान मेंदूच्या सर्वांत वरच्या पातळीवर असते, असे त्यांचे मत होते.

या सिद्धान्ताची व्यावहारिक कसोटी २५ मे १८८६ रोजी लागली. त्याच रुग्णालयात व्हिक्टर हॉर्सले यांनी एका २२ वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया केली. बालपणी एडिंबरो येथे गाडीखाली सापडून त्याच्या कवटीचा डावा भाग खचला होता, व पुढे पौगंडावस्थेत त्यास झटके येऊ लागले होते. झटके शरीराच्या उजव्या बाजूस सुरू होत, आणि रुग्णालयात दाखल झाल्यावर तर ते एकामागून एक येऊ लागले होते. हॉर्सले यांनी मेंदूवरील व्रण काढलाच. पण त्यासोबत भोवतालचा सुमारे अर्धा सेंटिमीटर मेंदूचा भागही काढला. त्यामागील तर्क महत्त्वाचा आहे. व्रणातील मृत द्रव्य आवेग सोडू शकत नाही. विसर्ग होतो तो व्रणाच्या कडेस जिवंत राहिलेल्या, पण विकृत झालेल्या पेशींत. शस्त्रक्रियेनंतर उजव्या बाजूस आलेला अशक्तपणा ओसरला, आणि त्या वर्षी हॉर्सले यांनी वृत्तान्त सादर केला तोवर झटके परतले नव्हते.

२

हा ‘विसर्ग’ म्हणजे नेमके काय, हे जॅक्सन यांस पाहता येणे शक्य नव्हते. येना येथील हान्स बर्गर यांनी १९२९ साली मानवी मेंदूचा विद्युदालेख प्रसिद्ध केला आणि नवे साधन हाती आले. अपस्माराच्या रोग्यांत दोन झटक्यांच्या मधल्या काळातही आलेखावर टोकदार शूल उमटतात, असे लवकरच दिसून आले. एकट्यादुकट्या पेशीचा आवेग कवटीबाहेर मोजता येत नाही. टाळूवर शूल स्पष्ट दिसण्यास कॉर्टेक्सचे सुमारे ६ ते १० चौरस सेंटिमीटर क्षेत्र एकाच वेळी उद्दीपित व्हावे लागते. म्हणजे शूल दिसला, याचाच अर्थ असंख्य पेशी एका क्षणी एकत्र आल्या.

त्या क्षणी पेशीच्या आत काय घडते, ते १९६४ मध्ये मात्सुमोतो व आज्मोन-मार्सान यांनी दाखविले. त्यांनी मांजराच्या कॉर्टेक्सवर पेनिसिलीन लावून कृत्रिम विकारकेंद्र निर्माण केले आणि सूक्ष्म विद्युदग्र पेशीत घालून नोंद घेतली. पृष्ठभागावरील प्रत्येक शुलाबरोबर पेशीचा विद्युद्‌भार एकदम ढळे, काही दशांश मिलिसेकंद नव्हे तर पन्नास-शंभर मिलिसेकंद तसाच राही, आणि त्यावर आवेगांची एक झोड उठे. लगतच्या बहुतेक पेशींत हेच एकाच वेळी घडे. पेनिसिलीन हे ‘गाबा’ या निरोधक द्रव्याचे कार्य रोखते, हे पुढे समजले. कॉर्टेक्समधील उद्दीपक पेशी एकमेकींस जोडलेल्या असतात. एकीचा आवेग शेकडो पेशींस चेतवितो, व त्या पुन्हा पहिलीस. ही साखळी निरोगी मेंदूत भडकत नाही, कारण निरोधक पेशी तिला पावलोपावली आवरतात. तो आवर सुटला, की एककालिकता आपोआप उत्पन्न होते.

झटक्याचा पसरण्याचा वेगही हेच सांगतो. मज्जातंतूंतून आवेग सेकंदास काही मीटर किंवा त्याहून शीघ्र जातो. तो वेग धरल्यास कॉर्टेक्सवरील हाताच्या क्षेत्राकडून पायाच्या क्षेत्राकडे झटका डोळ्याचे पाते लवण्याआधी पोहोचावा. प्रत्यक्षात जॅक्सन यांच्या रोग्यांत ही वाटचाल बराच वेळ डोळ्यांनी पाहता येण्याइतकी सावकाश होई. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यांच्या मेंदूत बसविलेल्या सूक्ष्म विद्युदग्रांच्या साहाय्याने शेव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखविले, की झटक्याची आघाडी सेकंदास सुमारे एक मिलिमीटर इतक्याच मंद गतीने सरकते. पाच सेंटिमीटर अंतरास या वेगाने जवळजवळ एक मिनिट लागेल. हा विलंब आवेग वाहून नेण्यास लागत नाही. तो आघाडीपुढील निरोधक पेशींचा प्रतिकार मोडण्यात जातो. स्थानिक झटका हा अशा रीतीने निरोधाच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या पराभवाचा इतिहास होय.

३

याच्या नेमके उलट चित्र १९३५ मध्ये बॉस्टन येथे गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांस दिसले. काही सेकंद टक लावून स्तब्ध राहणाऱ्या मुलांच्या आलेखात सेकंदास तीन या तालाने शूल व त्यामागे मंद लहर अशी जोडी उमटे. ती दोन्ही गोलार्धांत एकदमच सुरू होई व एकदमच थांबे. येथे सावकाश वाटचाल नाही, आघाडी नाही, आरंभबिंदूही नाही. मग दोन्ही गोलार्धांस एकाच वेळी आज्ञा कोण देतो? पेनफील्ड व जॅस्पर यांनी असे सुचविले, की मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमस व त्याखालील भागात, हे केंद्र असावे. गोलार्धांच्या मध्यावरील एकच स्थान, म्हणून दोन्ही बाजूंस एकच परिणाम. जॅक्सन यांची ‘सर्वोच्च पातळी’ जणू खाली उतरून मध्यात आली. ग्लोर यांनी १९६८ साली या मतास मुरड घातली. थॅलॅमसकडून नित्य येणाऱ्या लहरींस अतिसंवेदनशील कॉर्टेक्स विकृत प्रतिसाद देतो व शूल-लहर दोहोंच्या परस्परसंबंधातून उत्पन्न होते, असे त्यांनी प्रतिपादिले.

या तालाची यंत्रणा पुढे उलगडली, आणि ती अनपेक्षित निघाली. थॅलॅमसभोवतीच्या जाळीदार केंद्रातील निरोधक पेशी थॅलॅमसच्या पेशींस दाबून धरतात. त्या दाबामुळेच एका विशिष्ट प्रकारचे कॅल्शियम-मार्ग उघडण्यास सिद्ध होतात. दाब सुटताच थॅलॅमसची पेशी उसळून आवेगांची झोड सोडते, तिने कॉर्टेक्स व जाळीदार केंद्र दोन्ही चेततात, आणि पुन्हा दाब येतो. म्हणजे येथे निरोध मोडलेला नसतो. तोच ताल धरीत असतो.

या भेदाची किंमत रोग्यास प्रत्यक्ष मोजावी लागते. टायागाबीन व व्हिगाबाट्रिन ही औषधे ‘गाबा’चे कार्य वाढवितात, स्थानिक झटके त्यांनी कमी होतात, पण स्तब्धतेचे झटके त्यांनीच वाढू शकतात. कार्बामाझेपीनचा अनुभवही तसाच आहे. उलट एथोसक्सिमाइड हे थॅलॅमसमधील त्या कॅल्शियम-मार्गांना आवरते, असे कूल्टर, ह्यूगनार्ड व प्रिन्स यांनी १९८९ साली दाखविले. ते स्तब्धतेच्या झटक्यांवर गुणकारी, पण स्थानिक झटक्यांवर निरुपयोगी ठरते.

म्हणून टक लावून बसणाऱ्या रोग्याचा झटका कोणता, हे ओळखणे अगत्याचे ठरते. दहा-पंधरा सेकंदांचा, एकदम सुरू होऊन एकदम संपणारा, नंतर गोंधळ न ठेवणारा आणि तीन मिनिटे जोरजोराने श्वास घेतल्यास उद्‌भवणारा झटका बहुधा सार्वत्रिक असतो. आधी पोटातून काही वर चढल्याची जाणीव, मग ओठ चाटणे किंवा हाताने चाळा करणे, एक-दोन मिनिटांचा अवधी व नंतर भ्रांत अवस्था, हे शंखखंडातील स्थानिक झटक्याचे रूप. केवळ आलेखावर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. गोलार्धाच्या आतील कडेस असलेले विकारकेंद्र क्षणार्धात दुसऱ्या बाजूस पोहोचून दोन्हीकडे शूल-लहर उमटविते, हे ट्यूकेल व जॅस्पर यांनी १९५२ मध्येच दाखविले होते. तेथे सार्वत्रिक असे निदान केल्यास, शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा रोगी त्या उपायास मुकतो.

४

ही सीमारेषा आता किती पक्की आहे? मीरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली, जन्मतः स्तब्धतेचे झटके येणाऱ्या उंदरांच्या एका वाणात असे दाखविले, की ‘एकदम’ भासणारा झटकाही कॉर्टेक्सच्या मुखालगतच्या संवेदनक्षेत्रात आरंभ पावतो. मात्र तेथून तो दोन्ही गोलार्धांत व थॅलॅमसमध्ये सेकंदाच्या अंशात पसरतो, कारण तो चालू जोडण्यांवरून धावतो. त्यास कोणाचा प्रतिकार मोडावयाचा नसतो. आंतरराष्ट्रीय अपस्मार-विरोधी संघाने २०१० मध्ये केलेल्या व्याख्येत याचे प्रतिबिंब दिसते. तीनुसार सार्वत्रिक झटकाही कोठेतरीच सुरू होतो, पण द्विपार्श्व जाळ्यांस तो त्वरित गुंतवितो. स्थानिक झटका एका गोलार्धाच्या जाळ्यापुरता मर्यादित असतो. एका बाजूस सुरू होऊन नंतर सर्वांगास व्यापणाऱ्या झटक्यासही आता सार्वत्रिक न म्हणता ‘स्थानिकातून द्विपार्श्व’ असे संबोधतात.

प्रत्येक विसर्ग स्थानिक असतो, हे जॅक्सन यांचे म्हणणे दीडशे वर्षांनी अशा प्रकारे बऱ्याच अंशी खरे ठरले आहे. परंतु झटका कोठे सुरू झाला, एवढे कळून आता पुरत नाही. तो निरोध मोडून पुढे सरकला की निरोधाच्याच तालावर पसरला, हे विचारल्यावाचून त्या स्थानास अर्थ प्राप्त होत नाही.