टिनटिनचे न वाढलेले वय

१० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत टिनटिन हा पोरगेला बातमीदार प्रथम अवतरला. १९७६ मध्ये त्याचे शेवटचे पूर्ण पुस्तक निघाले, तेव्हाही तो तेवढाच होता. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत महायुद्ध झाले, वसाहती गेल्या, माणूस चंद्रावर उतरला. (टिनटिन त्याच्या पंधराएक वर्षे आधीच जाऊन आला होता, ते सोडा.)

वाचकांना हरवलेले बालपण हवे असते, म्हणून अशी पात्रे मोठी होत नाहीत, असे सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. पात्राला मोठे करणे अशक्य नव्हतेच. अमेरिकेत फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलीन अ‍ॅली’ या चित्रपट्टीत १४ फेब्रुवारी १९२१ रोजी वॉल्ट नावाच्या एकट्या गृहस्थाच्या दारात तान्हे मूल सापडले. ते मूल, स्कीझिक्स, वाचकांच्या मुलांबरोबर वाढले, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले, पुढे बाप झाले. मोटारींच्या गमतीजमतींसाठी निघालेली पट्टी त्यापायी एका घराण्याची कहाणी बनली. टिनटिनला हे परवडणारे नव्हते. त्याला आईबाप नाहीत, आडनाव नाही. त्याचे लग्न लावले की साहस संपले.

वर्तमानपत्रात हे न वाढणे फुकट पडते. गेल्या वर्षीचा अंक रद्दीत गेलेला असतो, आणि दहा वर्षांच्या वाचकाची जागा दुसऱ्या दहा वर्षांच्या वाचकाने घेतलेली असते. फुकट पडत नाही ते पुस्तकात. टिनटिनच्या कथा कास्टरमान या प्रकाशनाने पुस्तकरूपाने सतत छापत ठेवल्या, त्यामुळे १९३८ चा टिनटिन आणि १९६० चा टिनटिन दुकानातल्या एकाच फळीवर शेजारी उभे राहिले. पोरगा दोन्हीकडे सारखाच. भोवतालचे जग मात्र जुळेना.

हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘द ब्लॅक आयलंड’मध्ये. बनावट नोटा छापणाऱ्या टोळीचा पाठलाग करत टिनटिन इंग्लंडमार्गे स्कॉटलंडच्या एका बेटावर पोचतो, ही ती कथा. १९३८ मध्ये ती कृष्णधवल पुस्तकात आली, १९४३ मध्ये रंगीत झाली. पुढे इंग्रजी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा लंडनच्या मेथ्युएन प्रकाशनाने ब्रिटनच्या चित्रणातल्या १३१ चुकांची यादीच पाठवली. चित्रकार एर्जे यांनी त्या एकेक करून दुरुस्त केल्या नाहीत. त्यांनी आपले सहकारी बॉब द मूर यांना १९६१ मध्ये ब्रिटनला धाडले आणि रेखाटने घेऊन ते परतल्यावर अख्खे पुस्तक नव्याने काढायला घेतले. ते १९६६ मध्ये बाहेर पडले.

या दोन अवतारांची पाने शेजारी ठेवून पाहणे मला फार शिकवून गेले. कथा तीच, चौकटींचा क्रमही बराचसा तोच. पण वाफेची आगगाडी गेली. विमाने रॉजर ललू या साहाय्यकाने साठच्या दशकातली काढली. ब्रिटिश पोलिसांच्या हातातली पिस्तुले नाहीशी झाली. बदलली नाही ती टिनटिनची गुडघ्याखाली बांधलेली सैलसर विजार. १९३८ मध्ये तो तरुणांचा साधा पोशाख होता. नव्या गाड्या-विमानांच्या गर्दीत तोच पोशाख गणवेश वाटू लागला. नायक हललाच नव्हता. जग पुढे सरकल्यामुळे तो जुना दिसू लागला.

दुसरी गफलत अधिक मजेची. मालिकेत हे सातवे पुस्तक. नव्या आवृत्त्या क्रमाने वाचणारा मुलगा येथे साठच्या दशकातल्या विमानांतून हिंडतो आणि आठव्या पुस्तकात पुन्हा महायुद्धापूर्वीच्या युरोपात जाऊन पडतो. म्हणजे एक पुस्तक अद्ययावत केले की शेजारची मागे पडतात. सगळीच बदलायची म्हटली, तर दर वीस वर्षांनी तेच काम पुन्हा करावे लागेल. १९६६ ची चकचकीत विमाने आज तितकीच जुनी झाली आहेत, आणि मला तरी पहिल्या आवृत्तीतली ओबडधोबड, धुरकट आगगाडी अधिक जिवंत वाटते. तिथे पोरगा आणि त्याचे जग एकाच वयाचे आहेत.

कधी गाड्या बदलून भागत नाही. ‘लँड ऑफ ब्लॅक गोल्ड’च्या आधीच्या आवृत्तीत ब्रिटिश अमलाखालचे पॅलेस्टाइन होते. १९७१ पर्यंत तो अंमल इतिहासजमा झाला होता. नव्या आवृत्तीत एर्जे यांनी कथाच उचलून खेमेद या काल्पनिक देशात नेली. काल्पनिक देशाचा नकाशा जुना होत नाही.

विजारीचा प्रश्न शेवटी एर्जे यांनी १९७६ च्या पुस्तकात सोडवला: टिनटिनला तपकिरी जीन्स घातली. ती पाहून अनेक वाचक बिचकले. सत्तेचाळीस वर्षे विशीच्या आत राहिलेला पोरगा त्यांनी बिनतक्रार मान्य केला होता; त्याची नवी विजार मात्र त्यांना खटकली.