चार्ट लागला, बर्थ नाही लागला

या वीकेंडचा विषय रेल्वेचा चार्ट. आपण आयटीवाले सणासुदीला घरी जाताना पीएनआर स्टेटस दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करतो, पण चार्ट बनताना आत नक्की काय होतं हे फार कमी जणांना माहीत असतं. मी हे सगळं वाशिमच्या बाजूने सांगणार आहे. एक तर ते माझं गाव, आणि दुसरं म्हणजे चार्टची खरी गंमत (आणि खरा त्रास) गाडी जिथून सुटते तिथे कळत नाही, ती मधल्या स्टेशनवर कळते.

आधी थोडा इतिहास. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा आमच्या स्टेशनावरून मीटर गेजच्या गाड्या धावायच्या. पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉड गेज झाला तो २००८ मध्ये. जुन्या काळी रिझर्व्हेशन म्हणजे एक जाडजूड वही. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची वेगळी पानं, आणि ती वही एका ठराविक स्टेशनात ठेवलेली. मधल्या स्टेशनला दोन-चार बर्थचा कोटा दिलेला असायचा. तो संपला की वही असलेल्या स्टेशनला तार करायची आणि उत्तराची वाट बघायची. गाडी सुटण्याआधी बाबू वहीतून नावं उतरवून काढायचा, तोच चार्ट. म्हणजे चार्ट ही मुळात वहीची नक्कल. नक्कल करायला वेळ लागतो, म्हणून ती गाडीच्या काही तास आधी सुरू करावी लागायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९८५ मध्ये नवी दिल्लीला सीएमसी कंपनीने बनवलेली कॉम्प्युटर आरक्षण प्रणाली सुरू झाली. मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. पण ही पाच बेटं होती, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. क्रिसने लिहिलेल्या कॉन्सर्ट नावाच्या सॉफ्टवेअरने ती जोडली, आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रं एका नेटवर्कवर आली. तेव्हापासून वही एकच झाली, कुठूनही उघडता येणारी. चार्ट मात्र तसाच राहिला: ठराविक वेळी वही बंद करायची, उरलेले बर्थ वाटायचे, यादी काढायची.

आता वाटप कसं होतं ते बघू. तुमच्या तिकिटावर असं काहीतरी दिसतं:

```
GNWL 45 / WL 12
```

पहिला आकडा तिकीट काढताना तुम्ही रांगेत कुठे होता तो, दुसरा आज कुठे आहात तो. पण `GNWL` ही एक रांग झाली. साधारणपणे गाडी जिथून सुटते तिथून, किंवा त्याच्या जवळच्या स्टेशनांवरून, लांब जाणाऱ्यांची ती रांग. मधल्या मोठ्या स्टेशनांच्या कोट्याची रांग `RLWL`, बऱ्याच छोट्या स्टेशनांत मिळून एक कोटा असेल तर `PQWL`, आणि तत्काळची `TQWL`. पहिल्या रांगेत हलचाल जास्त, कारण तिच्या मागचा कोटाच मोठा. `RLWL 3` हे `GNWL 20` पेक्षा बरं असं समजू नका, बऱ्याचदा उलटं असतं.

चार्टच्या वेळी न वापरलेले कोटे (व्हीआयपींसाठी राखून ठेवलेले बर्थ, न विकलेलं तत्काळ वगैरे) एकत्र ओतले जातात. त्यातून आधी आरएसीवाल्यांना पूर्ण बर्थ, मग वेटिंगवाल्यांना. इथपर्यंत सोपं आहे. खरी मेख पुढे आहे: बर्थ म्हणजे एक वस्तू नाही, ती स्टेशनांच्या क्रमाने लावलेल्या तुकड्यांची पट्टी आहे. प्रोग्रामरच्या भाषेत बोलायचं तर ते इंटरव्हल्सचं गणित आहे.

उदाहरण घेऊ. अमरावती-तिरुपती एक्सप्रेस (१२७६६) अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड करत तिरुपतीला जाते. समजा, वाशिमच्या एका काकूंचं वाशिम ते तिरुपती वेटिंग तिकीट आहे, `RLWL 1`. दर्शनाची वेळ ठरलेली आहे. (आकडे आणि माणसं मी बनवलेली, पद्धत खरी.) चार्ट बनताना स्लीपरच्या एका डब्यात स्थिती अशी:

```
बर्थ १७: अमरावती ते तिरुपती  मोकळा
बर्थ ३४: अमरावती ते नांदेड   मोकळा
बर्थ ५१: नांदेड ते तिरुपती   मोकळा
```

रांगेत पुढे आरएसी १ आणि आरएसी २ आहेत. दोघंही अमरावती ते तिरुपती, एकाच साइड लोअरवर अर्धे-अर्धे बसणारे. त्यांच्यामागे `GNWL 1`, तोही अमरावती ते तिरुपती. बर्थ १७ आरएसी १ ला जातो. तो उठला म्हणून साइड लोअरची अर्धी जागा सुटली, ती `GNWL 1` ला मिळते आणि तो आता आरएसी. राहिल्या काकू. वाशिम ते नांदेड बर्थ ३४ रिकामा, नांदेड ते तिरुपती बर्थ ५१ रिकामा. म्हणजे त्यांच्या प्रवासाचा एकही किलोमीटर असा नाही की डब्यात जागा नाही! तरीही त्यांना बर्थ मिळत नाही, कारण ही प्रणाली एका तिकिटाचा प्रवास दोन बर्थवर तोडत नाही. एक प्रवासी, एक बर्थ, पूर्ण अंतर.

गाडीत रिकामे बर्थ बघून लोक म्हणतात, टीटीने खाल्ले. कधी खरं असेलही, पण पुष्कळदा ते असेच तुकडे असतात.

मग काकूंनी काय करायचं? पहिला प्रश्न हा की तिकीट ऑनलाइन काढलंय की खिडकीवर. ऑनलाइन असेल आणि त्या पीएनआरवरचे सगळे प्रवासी वेटिंगवरच राहिले, तर चार्ट लागल्यावर तिकीट आपोआप रद्द होतं. २०१५ च्या नियमांप्रमाणे माणशी ६० रुपये कापून (एसीत त्यावर जीएसटी) पैसे खात्यात परत येतात. ते तिकीट घेऊन गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीट. मग टीटीच्या हातातल्या यंत्रावर रांगेत तुमचं नावच नसतं, त्यामुळे वाटेत कोणी न आल्यामुळे सुटलेला बर्थसुद्धा तुमच्या वाट्याला येत नाही. याला अपवाद म्हणजे एकाच पीएनआरवर काही जण कन्फर्म किंवा आरएसी आणि बाकीचे वेटिंग. ते तिकीट जिवंत राहतं.

खिडकीचं वेटिंग तिकीट आपोआप मरत नाही. त्यावर जनरल डब्यातून जाता येतं, स्लीपरमध्ये नाही. स्लीपरमध्ये बसलात तर टीटी खाली उतरवू शकतो किंवा दंड घेऊ शकतो. प्रवास करायचा नसेल तर गाडी सुटायच्या ३० मिनिटं आधी स्वतः रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे गेले. हे गावाकडे फार जणांना माहीत नसतं. "ऑनलाइनचे आपोआप आले ना, मग याचेही येतील" असं म्हणून तिकीट खिशात राहतं.

दुसरी गोष्ट, ते तुकडे. फेब्रुवारी २०१९ पासून आयआरसीटीसीच्या साइटवर `Charts / Vacancy` असं पान आहे. गाडी, तारीख, चढायचं स्टेशन टाका, डबानिहाय रिकामे बर्थ कुठून कुठपर्यंत आहेत ते दिसतं. काकूंना तिथे बर्थ ३४ आणि ५१ दोन्ही दिसतील. मग करंट बुकिंगमध्ये वाशिम-नांदेड एक आणि नांदेड-तिरुपती एक अशी दोन तिकिटं काढायची, आणि नांदेडला बर्थ बदलायचा. सलग तिकिटापेक्षा महाग पडतं, कारण अंतर वाढतं तसा प्रति किलोमीटर दर उतरतो आणि आपण प्रवास तोडला की तो फायदा जातो. शिवाय रिझर्व्हेशनचा आकार दोनदा. पण झोपून जाता येतं.

इथे वेळ आडवी येते, आणि चार्टचा इतिहास परत कामाला येतो. बरीच वर्षं चार्ट साधारण चार तास आधी लागायचा. नोव्हेंबर २०१५ पासून दोन चार्ट झाले: पहिला चार तास आधी, दुसरा ३० मिनिटं आधी, आणि मधल्या वेळात उरलेल्या जागांची विक्री चालू. (कोविडमध्ये दुसरा चार्ट दोन तास आधी नेला होता, ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ववत.) जुलै २०२५ पासून पहिला चार्ट आठ तास आधी, आणि दुपारी दोनच्या आत सुटणाऱ्या गाड्यांचा आदल्या रात्री नऊला, असा निर्णय आला. डिसेंबर २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने तो आणखी मागे नेला: सकाळच्या गाड्यांचा आदल्या रात्री आठपर्यंत, बाकीच्यांचा किमान दहा तास आधी. कागदी वही उतरवायला लागणारा वेळ कधीच संपला, पण लांबून येणाऱ्या माणसाला दुसरी सोय करायला वेळ मिळावा म्हणून चार्ट मागे सरकला. माझ्या मते हा बदल मुंबई-पुण्यापेक्षा आमच्याकडे जास्त उपयोगाचा आहे. रिसोड किंवा मानोऱ्याचा माणूस पूर्वी एसटीने वाशिमला यायला निघाल्यावर त्याला कळायचं की बर्थ नाही. आता तो घरीच असतो.

पण हे सगळे तास गाडी जिथून सुटते तिथले, तुमच्या स्टेशनचे नाहीत. ही गाडी अमरावतीहून सकाळी निघते, म्हणजे पहिला चार्ट आदल्या रात्री आणि दुसरा भल्या पहाटे. काकू वाशिमला चढणार त्यानंतर काही तासांनी. काही गाड्यांना वाटेतही चार्टिंग स्टेशन असतं, ते त्याच पानावर दिसतं. तसं नसेल तर करंट बुकिंगची खिडकी काकू उठायच्या आतच बंद झालेली असते. म्हणून त्या पानावर रात्रीच बघायचं, सकाळी नाही.

विकल्प योजनेचंही सांगतो, कारण लोक विचारतात. तिकीट काढतानाच ती निवडली असेल तर चार्टनंतर वेटिंगवाल्याला दुसऱ्या गाडीत जागा मिळू शकते. दिल्ली-लखनौसारख्या मार्गावर ठीक आहे. आमच्या लाइनवर तिरुपतीच्या गाड्याच मोजक्या, त्यामुळे पर्याय येणार कुठून? आणि एकदा पर्यायी बर्थ मिळाला की तुम्ही कन्फर्म प्रवासी. मग रद्द केलंत तर कन्फर्म तिकिटासारखे पैसे कापतात.

त्यापेक्षा बुकिंगच्या वेळचा एक उपाय जास्त चालतो. तिकीट वाशिमऐवजी अमरावतीपासून काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन वाशिम टाकायचं. अमरावती ते वाशिमचं जादा भाडं जातं, पण तुम्ही `RLWL` सोडून `GNWL` च्या रांगेत येता. नियमात बसतं. फक्त एकदा बोर्डिंग वाशिम केलं की अकोल्याला चढायचा हक्क राहत नाही. आमच्या उदाहरणातल्या काकूंनी हे केलं असतं आणि अमरावतीच्या त्या प्रवाशाच्या आधी तिकीट काढलं असतं, तर साइड लोअरची ती अर्धी जागा त्यांची होती.