रजोनिवृत्ती आणि व्यसने (वऱ्हाड)

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात हे वय सरासरी 46-47 आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीची पाळी एक ते दोन वर्षे आधी जाते, हे जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. मात्र अमरावती-अकोल्याकडे ओढणाऱ्या बाया थोड्या. तंबाखू दिसते ती मिश्री, खर्रा किंवा चुन्यासोबतच्या चिमटीत. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, धूम्रपान करणारे 3.8 टक्केच होते.

धुरातील पॉलिसायक्लिक संयुगे बीजांडांतील एका ग्राहीला चिकटतात आणि बीजांडे अकाली मरतात. हा साठा जन्मापासून ठरलेला असतो, तो भरून निघत नाही. दुसरीकडे निकोटीन इस्ट्रोजन तयार करणाऱ्या अ‍ॅरोमटेजला अडवते, तर धुरामुळे यकृत इस्ट्रोजन लवकर निकामी करते. खर्र्यात निकोटीन भरपूर, पण जाळ नाही. मिश्रीचे तसे नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतात, आणि त्या भाजण्यातच बेंझोपायरीन तयार होते. म्हणून मिश्रीला ‘नुसते दात घासणे’ समजणे मला धोक्याचे वाटते, जरी रजोनिवृत्तीबाबतचा थेट पुरावा मुख्यतः धूम्रपानाचाच असला तरी.

दारूचा परिणाम उलटा आहे. रोज एक-दोन पेग घेतल्यानेही इस्ट्रोजन वाढते. थोडी पिणाऱ्यांची रजोनिवृत्ती किंचित उशिरा आढळते, पण हा फायदा नव्हे. याच वाढीबरोबर स्तनकर्करोगाचा धोकाही चढतो. मेळघाटातली मोहाची असो की दुकानातली, रोज जास्त प्यायल्यास बीजमोचन चुकते आणि पाळी अनियमित होते.

चहा-कॉफीचा दोष सर्वांत कमी. दिवसाला 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्यांचे चक्र काही अभ्यासांत आखूड आढळले. रजोनिवृत्तीच्या वयाशी ठाम संबंध दिसलेला नाही. टपरीवरच्या अर्ध्या कपात साधारण 20-30 मिलिग्रॅमच असते, तेव्हा दिवसाला चार-पाच अर्धे कप घेणारी या मर्यादेच्या बरीच आत राहते.

उदाहरणार्थ, अकोटकडची 43 वर्षांची, वीस वर्षे मिश्री लावणारी शेतमजूर घ्या. पाळी 28 दिवसांवरून 24 वर आली, मग दोन महिने चुकली. कारण तंबाखूच असे लगेच ठरवू नये. आधी गर्भधारणा, मग थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासावे. या वयात एफएसएच महिन्यागणिक वरखाली होतो, म्हणून एकाच अहवालावर निष्कर्ष काढता येत नाही. मिश्री सोडल्याने गेलेली बीजांडे परत येत नाहीत, पण धूम्रपान लवकर सोडणाऱ्यांचे रजोनिवृत्तीचे वय न ओढणाऱ्यांच्या जवळ जाते.

पिशवी काढलेल्या बाईची पाळी बंद होते, पण बीजकोश ठेवले असतील तर ती रजोनिवृत्ती नव्हे. तिला सरासरी वयाच्या गणनेत धरले तर ते वय चुकीचे कमी दिसते. आणि वर्षभर पाळी नसताना पुन्हा रक्त गेले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून थांबू नये, लगेच तपासणी करावी.