करोड कोणाचा? इराणचा की हिंदुस्थानचा?

फेब्रुवारी 1828 मध्ये इराण आणि रशिया यांच्यात तुर्कमानचाय इथे तह झाला. युद्धात इराण हरला होता. मुलूख गेला आणि वर नुकसानभरपाईही द्यावी लागली. तहाच्या सहाव्या कलमात ही रक्कम दिली आहे: दहा ‘कुरूर’ तोमान. तोमान हे इराणचे सोन्याचे नाणे.

हा आकडा फारसीतून वाचणारा आपल्याकडचा माणूस पहिल्याच पायरीवर घसरू शकतो, कारण हा शब्द त्याच्या ओळखीचा असतो. फारसी लिपीत ‘ड़’ हे अक्षर नाही. उर्दूने ते नंतर आपल्यासाठी तयार करून घेतले. त्यामुळे हिंदुस्थानातल्या जुन्या फारसी दफ्तरात आपला करोड काफ, रे, वाव, रे असा लिहिलेला सापडतो, आणि इराणी कुरूरही अगदी तसाच लिहितात. शब्द मुळात एकच, हिंदुस्थानातून तिकडे गेलेला. पण इराणात पोचल्यावर त्याची किंमत बदलली. आपला करोड म्हणजे शंभर लाख, त्यांचा कुरूर म्हणजे फक्त पाच लाख. वीस इराणी कुरूर मिळून आपला एक करोड होतो.

मग तहातली रक्कम किती? आपल्या हिशोबाने दहा कोटी तोमान, इराणी हिशोबाने पन्नास लाख. कोणते खरे, हे तहाच्या मजकुरातच तपासता येते. त्याच कलमात हीच रक्कम रशियन चलनातही दिलेली आहे: वीस दशलक्ष, म्हणजे दोन कोटी, चांदीचे रुबल. दोन कोटी रुबलला पन्नास लाखांनी भागले तर एका तोमानाला चार रुबल पडतात. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची चार नाणी, हे पटण्याजोगे आहे. दहा कोटींनी भागले तर पाच तोमान मिळून एक रुबल होतो, म्हणजे सोन्याचे नाणे चांदीच्या नाण्याच्या एक पंचमांश किमतीचे. असे होणे शक्य नाही. म्हणून इथला कुरूर पाच लाखांचाच.

नादिरशहाने दिल्लीतून किती लूट नेली, याचे आकडे फारसी ग्रंथांतून वाचतानाही मी आधी हेच विचारतो: लिहिणारा दिल्लीत बसलेला होता की त्याच्यासोबत इराणातून आलेला? बेरीज-वजाबाकी नंतर.

आपल्या घराजवळचे उदाहरण खानदेशाचे आहे. जानेवारी 1601 मध्ये असीरगडाचा किल्ला अकबराच्या हाती आला आणि फारुकींचे राज्य संपले. शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ असे नाव दिले गेले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या सुभ्याचा महसूल दिलेला आहे. परगणे 32, महसूल 1,26,47,062 तंका. असीर घेतल्यावर त्यात निम्म्याने वाढ केली. तंका 24 दामांचा धरला.

इथे आकड्याच्या आधी नाणे समजून घ्यायला हवे. दाम हे तांब्याचे नाणे, 40 दामांचा एक रुपया. मोगल दफ्तरात महसूल मांडण्याचे मूळ माप दाम होते, रुपया नव्हे. तंक्याचे तर आणखी वेगळे. दिल्लीचा तंका दोन दामांचा आणि वऱ्हाडचा तंका दिल्लीच्या आठ तंक्यांएवढा, म्हणजे 16 दामांचा, असे हाच ग्रंथ वऱ्हाडच्या प्रकरणात सांगतो. खानदेशात तोच शब्द 24 दामांचा झाला. नाव एकच आणि किमती तीन.

आता हिशोब. 1,26,47,062 च्या निम्मे 63,23,531. ते मिळवले की 1,89,70,593 तंका होतात. त्यांना 24 ने गुणले की 45,52,94,232 दाम. ग्रंथात हाच आकडा शेवटच्या अंकापर्यंत दिलेला आहे, त्यामुळे आपली वाट बरोबर आहे एवढे कळते. 40 ने भागल्यावर 1,13,82,355 रुपये आणि वर काही आणे. थोडक्यात, खानदेशचा महसूल एक कोटी चौदा लाख रुपयांच्या आसपास.

हा आकडा ‘जमा’ आहे, ‘हासिल’ नव्हे. जमा म्हणजे दफ्तरात ठरवलेली रक्कम आणि हासिल म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेली. नव्याने जिंकलेल्या मुलखात कागदावर निम्म्याने वाढवलेली जमा शेतकऱ्याकडून पूर्ण वसूल झाली असेल असे मला वाटत नाही.

पायऱ्या चुकल्या तर काय होते ते पाहा. एखाद्याने तंका म्हणजे रुपयाच समजून वाचले, तर खानदेशचा महसूल एक कोटी एकोणनव्वद लाख रुपये होतो. त्याच ग्रंथात बंगालची जमा 59,84,59,319 दाम, म्हणजे सुमारे दीड कोटी रुपये आहे. तापीकाठचे 32 परगणे अख्ख्या बंगालपेक्षा जास्त देतात, हे पाहून वाचणारा तिथेच थबकेल आणि नाणे पुन्हा तपासेल.

दुसरी चूक इंग्रजीत नेताना होते, आणि ती पकडायला जास्त अवघड आहे. 45 कोटी 52 लाखांचे रूपांतर करताना ‘कोटी’च्या जागी ‘मिलियन’ टाकले जाते आणि 45 मिलियन दाम असे छापले जाते. खरे म्हणजे एक मिलियन म्हणजे दहा लाख, आणि कोटीत असे दहा मिलियन असतात. 45,52,94,232 हाच आकडा तिकडच्या स्वल्पविरामांनी 455,294,232 असा लिहिला जातो, म्हणजे 455 मिलियन. अंक तेच आणि तेवढेच, फक्त विराम सरकले. 45 मिलियन धरून 40 ने भागले तर खानदेशाला सव्वाअकरा लाख रुपये येतात. बंगालच्या दीड कोटीपुढे हे कोणाला खटकणार नाही. लहान प्रदेश, लहान महसूल, असे म्हणून वाचक पुढे जाईल. मोठी वाटणारी चूक लगेच दिसते, दहापटीने लहान झालेली मात्र सभ्यपणे पानात बसून राहते. म्हणून मी इंग्रजी पुस्तकात मोगल काळाचा आकडा पाहिला की आधी अंक मोजतो: कोटीचा आकडा किमान आठ अंकी असतो, मिलियनचा किमान सात.

बिलियनची तऱ्हा त्याहून निराळी. आईनमध्ये बारा सुभ्यांची एकूण जमा 3 अरब 62 कोटी 97 लाख 55 हजार 246 दाम दिली आहे. आजच्या इंग्रजीत ही साडेतीन बिलियनहून जास्त रक्कम झाली, कारण आजचा बिलियन म्हणजे आपला अब्ज किंवा उर्दूतला अरब. पण ब्रिटनमध्ये बिलियनचा अर्थ पूर्वी दशलक्ष वेळा दशलक्ष असा होता. सरकारी आकड्यांत तिथे हजार दशलक्षांचा अर्थ 1974 पासून रूढ झाला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकात बिलियन दिसला तर ते लंडनमध्ये छापले आहे की न्यूयॉर्कमध्ये, हे आधी बघावे लागते. अमेरिकेत हा शब्द तेव्हाही हजार दशलक्षांसाठीच वापरत होते.

आपल्याच दोन भाषांतही हा घोटाळा आहे. मराठी पाढ्यातला खर्व म्हणजे दहा अब्ज, आणि उर्दूतला खरब म्हणजे शंभर अरब. दोन्ही शिकवणाऱ्याला वर्गात हा फरक फळ्यावर शून्ये मांडूनच दाखवावा लागतो. नुसते सांगून मुलांना तो पटत नाही.