१४. दोरा लावणे

१४. दोरा लावणे : नाटकातल्या ‘रस्त्याच्या पडद्या’चे यथार्थदर्शन तपासणे. क्षितिजरेषेवरच्या लोपबिंदूत खिळा ठोकून त्याला बांधलेला दोरा वळचणी, कठडे, जोत्यांच्या कडा यांवर ताणायचा. खोलात जाणारी जी रेघ दोऱ्याशी जुळत नाही ती चुकली. माणसांची मापे मात्र दोऱ्याला कळत नाहीत. ती क्षितिजावरूनच पाहावी लागतात. क्षितिज जमिनीपासून ५ फुटांवर धरले असेल, तर सपाट रस्त्यावरच्या ५ फुटी माणसाचा माथा, तो जवळ असो वा दूर, क्षितिजालाच टेकतो. अडीच फुटी मूल त्याच जागी निम्म्यावर येते. दूरच्या माणसाचे डोके बरेच वर गेले, की तो शेजारच्या दारात मावेनासा होतो. ओट्यावर किंवा गच्चीत उभ्या असलेल्यांना हा नियम लागू नाही. — संपा.